गणित बसत नाही तेव्हा

गुजरातच्या वीजजाळ्याचा तोल जिथून सांभाळला जातो ते स्टेट लोड डिस्पॅच सेंटर वडोदऱ्यात गोत्रीला आहे. ऊर्जा विकास निगमचं मुख्यालय रेसकोर्सवर आणि विजेच्या उपकरणांची चाचणी करणारी एर्डा मकरपुऱ्यात. त्यामुळे कलाभवनातून इलेक्ट्रिकल शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती या शहरात कधी ना कधी 'लोड फ्लो' येतोच. कुठल्या उपकेंद्रावर किती मागणी आहे आणि कुठलं जनित्र किती वीज देतंय एवढं सांगायचं. मग प्रत्येक ठिकाणचं व्होल्टेज आणि त्याचा कोन संगणकानं काढून द्यायचा. हे काम करणारं गणित स्पर्शिकांचं आहे. ते कसं चालतं आणि मुख्य म्हणजे कधी चालत नाही, याची ही टिपणं.

*

रीत तशी साधी. f(V) = 0 करणारं V हवंय. एक अंदाज घ्यायचा, त्या जागी वक्राला स्पर्शिका काढायची आणि ती अक्षाला जिथे छेदते तो पुढचा अंदाज मानायचा. पुन्हा तेच.

न्यूटननं १६६९ मध्ये ही कल्पना एका त्रिघाती समीकरणावर वापरली, रॅफसननं १६९० मध्ये ती नीटस करून छापली, आणि आज आपण लिहितो तसं, भैदिकावर बेतलेलं रूप सिम्प्सननं १७४० मध्ये दिलं. नाव मात्र पहिल्या दोघांचंच राहिलं.

*

सगळ्यात लहान जाळं घेतो: एका टोकाला भक्कम स्रोत, मधे एक लाइन, दुसऱ्या टोकाला ग्राहक. स्रोताचं व्होल्टेज १ पर युनिट. लाइनचा रोध सोडून देतो, फक्त रिॲक्टन्स X धरतो. ग्राहकाचा पॉवर फॅक्टर एक, म्हणजे तो निव्वळ P घेतो.

ग्राहकाकडचं व्होल्टेज V आणि दोन टोकांमधला कोन δ. पोहोचणारी शक्ती P = V sinδ / X, आणि पॉवर फॅक्टर एक असल्यामुळे V = cosδ. PX ला p म्हणू. sinδ = p/V झालं, दोघांचे वर्ग मिळवले की कोन निघून जातो आणि उरतं

V⁴ − V² + p² = 0

खऱ्या जाळ्यात अशी हजारो समीकरणं एकदम असतात. स्पर्शिकेच्या उताराच्या जागी जेकोबियन नावाचा मोठा तक्ता येतो आणि भागाकाराच्या जागी त्या तक्त्यानं मांडलेली रेषीय समीकरणं सोडवणं. पण जे काही बिघडतं, त्यातलं बहुतेक या एका ओळीत दिसतं. म्हणून मी शिकवताना इथून हलत नाही.

*

p = ०.४८ घेतो, कारण उत्तर सुबक येतं: V = ०.८, कोनाचं sine ०.६. तीन-चार-पाचचा त्रिकोण.

```python
V, p = 1.0, 0.48
for k in range(8):
    f = V**4 - V**2 + p*p
    V = V - f/(4*V**3 - 2*V)
    print(k+1, V)
```

सुरुवात १ पासून. याला 'फ्लॅट स्टार्ट' म्हणतात: सगळीकडे व्होल्टेज पूर्ण आहे असं धरून निघायचं. पुढच्या पायऱ्या ०.८८४८, ०.८२४५, ०.८०३०, ०.८००१ अशा येतात. चूक किती उरली ते पाहावं: ०.०८५, ०.०२४, ०.००३, ०.००००६. शेवटी शेवटी प्रत्येक पायरीला बरोबर अंकांची संख्या दुप्पट होत जाते. टिनी आणि हार्ट यांनी १९६७ मध्ये न्यूटनची रीत लोड फ्लोला व्यवहारात बसवून दाखवली ती याच जोरावर. त्याआधी चालणारी गाउस-सायडलची रीत जाळं वाढलं की पायऱ्याही वाढवत न्यायची. न्यूटनच्या पायऱ्या जाळं मोठं झालं तरी चार-पाचच राहतात. एकेक पायरी महाग होती; जेकोबियनमध्ये बहुतांश घरं शून्य असतात हे ओळखून, समीकरणं सोडवायचा क्रम नीट लावून त्यांनी ती परवडेल अशी केली.

*

याच समीकरणाला दुसरंही धन उत्तर आहे: V = ०.६. तिथे कोनाचं sine ०.८. वीज तेवढीच पोहोचते, पण कमी व्होल्टेज आणि जास्त प्रवाह अशा अवस्थेत. गणिताला दोन्ही उत्तरं सारखीच. जाळं चालवणाऱ्याला वरचंच हवं असतं, कारण खालच्या अवस्थेत कॅपॅसिटर घातला तर व्होल्टेज वर जाण्याऐवजी खाली जातं.

मग सुरुवात कुठून केली याला महत्त्व येतं. ०.६५ पासून निघालो तर ०.५८३, ०.५९९ करत ०.६ वर बसतो. चार पायऱ्यांत कामं आटोपतात, प्रोग्राम 'कन्व्हर्ज्ड' असं छापतो, आणि उत्तर नको असलेलं असतं. माझ्या मते न बसणाऱ्या लोड फ्लोपेक्षा हा प्रकार जास्त घातक, कारण कोणी पुन्हा वळून पाहत नाही.

दोन उत्तरांच्या मधे, ०.७०७१ ला, वक्राचा तळ आहे. तिथे स्पर्शिका आडवी होते. तळाच्या जवळून निघून पाहिलं की काय होतं? ०.७१ पासून पहिलीच उडी २.३९ वर. तिथून पायरी पायरीनं उतरत शेवटी ०.८. आता फक्त ०.०१ खाली सरकून ०.७० पासून निघावं: पहिली उडी ०.००३६ वर. व्होल्टेज जवळजवळ शून्य, आणि शून्यापाशीही हा वक्र आडवाच असतो. म्हणून दुसरी उडी थेट ३२ वर! तिथे V⁴ चं राज्य असल्यामुळे प्रत्येक पायरीला साधारण एक चतुर्थांश कमी होत, कितीतरी पायऱ्यांनी स्वारी ०.८ ला येते. म्हणजे तळाच्या डावीकडून निघालेला, खरं तर ०.६ च्या बाजूचा अंदाज, भलतीकडे फिरून वरच्या उत्तराला लागला.

खऱ्या प्रोग्राममध्ये ३२ पर्यंत कोणी जाऊ देत नाही. व्होल्टेज ठरावीक पट्ट्याबाहेर गेलं की तो 'डायव्हर्ज' सांगून थांबतो. इथे मात्र उत्तर होतं, सुरुवातच वाईट होती. म्हणूनच रोजच्या कामात कालच्या बसलेल्या केसची व्होल्टेजं आजची सुरुवात म्हणून वापरतात.

*

आता मागणी थोडी वाढवू. p = ०.५ ला दोन्ही उत्तरं एकमेकांत मिळून एकच उरतं, ०.७०७१. वक्र अक्षाला नुसता टेकतो. १ पासून निघालं तर ०.८७५, ०.७९९, ०.७५६, ०.७३२, ०.७२०. चूक दर पायरीला फक्त निम्मी होतेय. दुप्पट अंकांची ती धाव संपली. लोड फ्लोच्या छापील यादीत चूक अशी निम्म्यानिम्म्यानं उतरताना दिसली की समजावं, आपण कड्याच्या अगदी जवळ आहोत.

आणि p = ०.५२? आता समीकरणाला खरं उत्तरच नाही. एवढी वीज या लाइनमधून पोहोचूच शकत नाही. पण स्पर्शिकेला ते ठाऊक नसतं. ती चालत राहते: १, ०.८६५, ०.७६९, ०.६६७, ०.८२८, ०.७३९, ०.५७१, ०.६९८, आणि मग एकदम १.३ च्या पुढे.

शेजारी f चे आकडे लिहून ठेवले, तेच जास्त बोलके आहेत: ०.२७०, ०.०८२, ०.०२९, ०.०२३, ०.०५५, ०.०२२, ०.०५१, ०.०२१. आणि १.३ वर f दीडच्या आसपास. सुरुवातीला झपाट्यानं उतरला, मग ०.०२ च्या आसपास अडकला, घुटमळला आणि उसळला. ०.०२०४ च्या खाली तो जाऊच शकत नाही, कारण p² आणि ०.२५ यांच्यातला फरक तेवढाच आहे.

*

हाताखालच्या मुलीनं विचारलं, "सर, कन्व्हर्ज होत नाहीये. पायऱ्यांची मर्यादा वाढवू का? वीसच्या पन्नास?"

"मिसमॅच कसा गेलाय ते आधी दाखव."

मिसमॅच म्हणजे वरचा f: प्रत्येक उपकेंद्रावर येणारी आणि जाणारी वीज यांच्यातला न जुळणारा हिशोब. तिच्या यादीत तो पहिल्या तीन पायऱ्यांत नीट उतरला होता, मग एका ठिकाणी घोटाळत होता, आणि ग्रामीण भागातल्या एकाच कोपऱ्यातली सगळी व्होल्टेजं मिळून खाली चालली होती. मी तिला सांगितलं, मर्यादा वाढवू नकोस. सगळ्या मागण्या नव्वद टक्के कर आणि पुन्हा चालव. बसलं. पंच्याण्णवला बसलं, पण अडखळत. शंभरला नाही. हे उत्तरच नसल्याचं लक्षण. सुरुवात वाईट असती तर मागणी तीच ठेवून, नव्वद टक्क्यांचं उत्तर सुरुवात म्हणून दिल्यावर शंभरची केस बसली असती. तेही करून पाहिलं, नाही बसली.

मग प्रश्न उरला की प्रत्यक्षात तर तिथे दिवे लागलेत. त्या कोपऱ्यात शेतीपंप पुष्कळ. पंपांच्या मोटारी निव्वळ P घेत नाहीत, रिॲक्टिव्ह वीजही ओढतात. आणि तिच्या फाइलमध्ये तिथल्या कॅपॅसिटर बँका भरलेल्याच नव्हत्या.

त्याचा किती फरक पडतो हे आमच्या छोट्या जाळ्यावर मोजता येतं. पॉवर फॅक्टर एक असताना पोहोचू शकणारी जास्तीत जास्त p होती ०.५. सर्वसाधारण सूत्र p = cosφ / (2(1 + sinφ)) असं आहे. पॉवर फॅक्टर ०.८ मागे असेल तर sinφ ०.६, म्हणून ०.८ भागिले ३.२, म्हणजे ०.२५. बरोबर निम्मी! लाइन तीच, स्रोत तोच. कॅपॅसिटर विसरला की संगणकातलं जाळं अर्धंच उरतं, आणि मग गणित बसत नाही ते योग्यच असतं. बँका भरल्यावर केस फ्लॅट स्टार्टपासून चार पायऱ्यांत बसली.

*

याची दुसरी बाजूही लिहून ठेवतो. कॅपॅसिटर घातला की कडा दूर जातो हे खरं, पण तो वरही सरकतो. पॉवर फॅक्टर एक असताना कडा ०.७०७ व्होल्टेजवर होता. कॅपॅसिटर इतके घातले की पॉवर फॅक्टर पुढे गेला, sinφ उणे ०.३ झाला, तर p ०.६८ पर्यंत जाते आणि कडा ०.८४५ वर येतो. अजून घाला, अजून वर. ४०० केव्हीच्या लाइनला आपल्याकडे ३८० ते ४२० केव्हीच्या आत राहायचं बंधन आहे. भरपूर कॅपॅसिटर लावलेल्या भागात व्होल्टेज या पट्ट्यात छान दिसत असतानाही कडा जवळ आलेला असू शकतो. नुसता व्होल्टमीटर पाहून ते कळत नाही. पायऱ्या वाढायला लागल्या का, हे पाहून कळतं.

*

भटकण्याचा एक प्रकार पुस्तकात हमखास असतो: x³ − 2x + 2, सुरुवात शून्यापासून. शून्यावरून एकवर, एकवरून शून्यावर, कायम. खरं मूळ उणे १.७७ च्या आसपास असतं, तिकडे ते फिरकतच नाही.

लोड फ्लोमध्येही असं हेलकावणं दिसतं, पण कारण बहुधा वेगळं असतं. जनित्र आपल्या ठिकाणचं व्होल्टेज ठरलेलं ठेवतं आणि त्यासाठी लागेल तेवढी रिॲक्टिव्ह वीज देतं, पण मर्यादेपर्यंतच. मर्यादा ओलांडली की प्रोग्राम म्हणतो, आता रिॲक्टिव्ह वीज स्थिर, व्होल्टेज मोकळं. पुढच्या पायरीला व्होल्टेज ठरलेल्यापेक्षा थोडं वर येतं, तेव्हा प्रोग्राम पुन्हा जुन्यावर जातो. आज एक वक्र, उद्या दुसरा. प्रत्येक वक्रावरची स्पर्शिका बिनचूक आहे, फक्त दर पायरीला समीकरणच बदलतंय.

ओळखायची खूण: मिसमॅच उसळत नाही, दोन आकड्यांमध्ये झुलतो, आणि यादीत त्याच एका जनित्राचं नाव आलटून पालटून येतं. मर्यादांची तपासणी मिसमॅच पुरेसा उतरल्यावरच सुरू करायची, आणि एका जनित्राला किती वेळा बाजू बदलू द्यायची यावर बंधन घालायचं. बहुतेकदा एवढ्यानं सुटतं.

*

आकडा भरताना झालेली चूक मात्र पहिल्याच पायरीला तोंड दाखवते. लाइनच्या रिॲक्टन्समध्ये दशांशचिन्ह दोन घरं सरकलं की त्या लाइनच्या दोन्ही टोकांना मिसमॅच प्रचंड, बाकी सगळीकडे ठीकठाक. एखादं उपकेंद्र कशालाच जोडलं नसेल तर जेकोबियनमध्ये सरळ शून्य येतं आणि एकही पायरी होत नाही. या दोन्हींना गणितातलं काही लागत नाही. नकाशा समोर ठेवून ओळीवर बोट फिरवलं की सापडतात.

*

इवामोतो आणि तामुरा यांनी १९८१ मध्ये सुचवलेली युक्ती मला फार आवडते. स्पर्शिकेनं दिशा सांगितली ती घ्यायची, पण उडी तिच्या म्हणण्याएवढीच घ्यायची असं नाही. त्या दिशेनं किती गेलं तर एकूण मिसमॅच सगळ्यात कमी होईल ते मोजायचं आणि तेवढंच जायचं. p = ०.५२ च्या केसवर हे वापरलं तर V १.३ वर उडत नाही. ते ०.७०७१ कडे सरकतं, गुणक शून्याकडे जातो, आणि ०.०२०४ मिसमॅच शिल्लक ठेवून ते तिथेच थांबतं. उत्तर नाही, पण उत्तराच्या सगळ्यात जवळची जागा हाती लागते, आणि किती वीज कमी केली तर जमेल याचा अंदाजही येतो. नुसतं 'डायव्हर्ज' छापून येण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं.

*

मागणी आणि व्होल्टेजचा आलेख मुलांना हातानं काढायला लावतो. p शून्य, V एक. p ०.३ ला V ०.९४९. ०.४ ला ०.८९४. ०.४८ ला ०.८. ०.५ ला ०.७०७. म्हणजे मागणी ०.४ पर्यंत नेताना व्होल्टेज जेवढं पडलं, साधारण तेवढंच पुढच्या ०.०८ मध्ये पडलं, आणि पुन्हा तेवढंच शेवटच्या ०.०२ मध्ये. आलेख नाकासारखा पुढे येऊन वळतो. नाकाच्या टोकाला व्होल्टेजची रेषा उभी होते, आणि समीकरणाची स्पर्शिका आडवी. एकाच गोष्टीची ही दोन रूपं: मागणीत तिळाएवढी वाढ आणि व्होल्टेजमध्ये वाट्टेल तेवढी पडझड.

टोकापर्यंत नक्की जायचं कसं, यावर अज्जरापू आणि क्रिस्टी यांचा १९९२ चा लेख आहे. मागणी ठरवून व्होल्टेज शोधायचं सोडायचं. टोकाजवळ आलं की प्रश्न उलटा करायचा: व्होल्टेज आपण ठरवू, मागणी गणिताला शोधू दे. आमच्या जाळ्यात p² = V² − V⁴. V ०.७२ ठेवलं की p ०.४९९७. ०.७०७१ ठेवलं की ०.५. ०.६९ ठेवलं की ०.४९९४, आणि आपण न अडखळता नाकाच्या खालच्या बाजूला पोहोचलेलो असतो. जिथे आधी भाजक शून्य होत होता तिथे आता कुठेच शून्य नाही. मोठ्या जाळ्यात यासाठी जेकोबियनला एक ओळ आणि एक स्तंभ जोडतात, आणि प्रत्येक टप्प्यावर सगळ्यात वेगानं पडणाऱ्या उपकेंद्राचं व्होल्टेज ठरवायला घेतात. ते उपकेंद्र कुठलं, हेही त्यातूनच कळतं. नवा कॅपॅसिटर किंवा नवी लाइन आधी कुठे हवी, याचा विचार मग तिथूनच सुरू करता येतो.